फ्रीजच्या दाराचं रबर : कागदाची चाचणी आणि बैठक

फ्रीजच्या दाराच्या आतल्या कडेने चारी बाजूंना फिरणारी मऊ पट्टी म्हणजे गॅस्केट. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात तिला सरसकट ‘फ्रीजचं रबर’ म्हणतात. खरं तर ती बहुतेक वेळा मऊ पीव्हीसीची असते. तिच्या पोटात चुंबकाची लवचिक पट्टी आणि मागे भात्यासारखी एक घडी असते. चुंबक दाराला फ्रीजच्या पत्र्याकडे खेचतो, घडी दाबली जाते आणि हवेची वाट बंद होते. ही बैठक कुठे सैल पडली आहे, हे कागदाच्या पट्टीने शोधता येतं. पट्टी ठिकठिकाणी दारात अडकवून ओढायची आणि ओढ कुठे कमी लागते ते पाहायचं. चाचणी साधी आहे, पण हाताला काय जाणवलं याचा अर्थ लावता आला तरच तिचा उपयोग होतो. म्हणून ही नोंद मुख्यतः त्या अर्थाबद्दल आहे.

या भागात रबर खराब होण्याच्या दोन तऱ्हा दिसतात. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे सह्याद्रीच्या कुशीत जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते. तिथे रबराच्या घडीत काळी बुरशी धरते आणि सैल जागेतून आत शिरलेल्या दमट हवेचा बर्फ होतो. ईशान्येला अथणी, रायबागच्या कोरड्या भागात बुरशी कमी दिसते. तिथे ऊन आणि धूळ जास्त असल्याने रबर कडक आणि निबर होतं. स्वयंपाकघरातला तेलकट थर मात्र दोन्हीकडे सारखंच नुकसान करतो. पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू निघून गेलं की पट्टी दाबल्यावर परत फुगत नाही. मग चुंबक कितीही चांगला असला तरी पट्टी त्याला साथ देत नाही.

फट छोटी दिसते, तरी भार मोठा येतो. पावसाळ्यात आत येणाऱ्या हवेबरोबर पाण्याची वाफ येते. तिचं आधी पाणी होतं, मग फ्रीजरमध्ये बर्फ होतो. या दोन्ही टप्प्यांत वाफ आपली उष्णता आत सोडते आणि कॉम्प्रेसरला ती बाहेर काढावी लागते. शिवाय शीतकुंडलीवर, म्हणजे गारवा देणाऱ्या नळ्यांवर, साचलेला बर्फ स्वतःच गारव्याच्या आड येतो. सैल रबराची पहिली खूण म्हणूनच विजेच्या बिलात नव्हे, तर फ्रीजरच्या एकाच कोपऱ्यात धरणाऱ्या जाड बर्फात दिसते. दाराच्या चौकटीला बाहेरून घाम येणं ही दुसरी खूण. वीज गेल्यावर आतला गारवा लवकर उतरणं ही तिसरी.

चाचणीसाठी वहीच्या पानाची दोन बोटं रुंद आणि साधारण १५ सेंटिमीटर लांब पट्टी पुरते. नोट घेतली तरी चालते. मात्र संपूर्ण चाचणीला एकच कागद वापरावा, कारण आपण ओढींची एकमेकांशी तुलना करणार असतो. दारातल्या बाटल्या आणि आतून दार ढकलणारं भाजीचं खोकं आधी बाजूला काढावं. नाहीतर दोष भांड्याचा असून आरोप रबरावर येतो. पट्टीचा अर्धा भाग आत, अर्धा बाहेर ठेवून दार नेहमीसारखं लावावं, हाताने दाबू नये. मग पट्टी सरळ बाहेरच्या दिशेला सावकाश ओढावी. तिने किंचित अडून यायला हवं. सरकन निघाली, किंवा नुसत्या वजनाने खाली घसरली, तर ती जागा सैल आहे. दर १० सेंटिमीटरला एकदा असं करत पूर्ण वेढा घालावा आणि सैल जागांवर चिकटपट्टीचे तुकडे लावून खुणा कराव्यात.

बिजागरीच्या बाजूला ओढ वेगळी लागणं साहजिक आहे. तिथे रबर समोरून येऊन दाबलं जात नाही, ते घासत आणि वळत बसतं. म्हणून त्या बाजूची तुलना मुठीच्या बाजूशी न करता तिच्याच शेजारच्या जागांशी करावी. आणखी एक मर्यादा अशी, की कागद पकड सांगतो, पण कोपऱ्यातल्या टाचणीएवढ्या छिद्राबद्दल काही सांगत नाही. त्यासाठी रात्री दिवे मालवून मोबाईलची टॉर्च लावून फ्रीजमध्ये ठेवावी, दार बंद करावं आणि कडेने प्रकाशाची रेघ दिसते का पाहावं. घडीच्या वळणातून प्रकाश नेहमीच बाहेर येत नाही. त्यामुळे अंधार दिसला म्हणून रबर ठीक आहे असं समजू नये. दोन्ही चाचण्या एकमेकींना पूरक आहेत.

आता सैल जागांची रचना पाहावी. एखाद-दुसरी जागाच सैल असेल, तर तिथे चुरा चिकटलेला असतो, रबर चिरलेलं असतं किंवा त्याला खोच पडलेली असते. मुठीच्या बाजूचा एकच कोपरा सैल असेल, तर आधी जमीन पाहावी. जुन्या घरांतल्या शहाबादी फरशीवर फ्रीजचे चारही पाय सारख्या उंचीवर क्वचितच असतात. पाय वाकडे असले की फ्रीजचा सांगाडा किंचित पिळतो आणि दाराचा एक कोपरा पत्र्यापासून दूर राहतो. सगळीकडेच ओढ सैल लागत असेल, तर रबर निबर झालं आहे किंवा आतलं सामान दाराला ढकलतं आहे. या भेदाकडे न बघता थेट रबर बदललं, तर नवीन रबरही पुन्हा सैलच बसू शकतं.

खानापुरातल्या एका घरचा प्रसंग या भेदामुळे लक्षात राहिला. एक दाराचा फ्रीज होता, दार साधारण ११० सेंटिमीटर उंच आणि ५० रुंद. जुलैत दर दहा दिवसांनी बर्फ काढावा लागत होता. मावशी म्हणाल्या, ‘रबर तर चांगलं दिसायलंय की, मग बर्फ का धरायलाय?’ दिसायला ते खरोखरच चांगलं होतं. वेढा ३२० सेंटिमीटरचा, म्हणजे ३२ जागा. त्यांतल्या २७ ठिकाणी पट्टी अडून आली. उरलेल्या पाच जागा सगळ्या मुठीकडच्या वरच्या कोपऱ्यात होत्या, दोन वरच्या कडेला आणि तीन बाजूला. फ्रीजरमधला जाड बर्फही त्याच कोपऱ्यात होता.

फ्रीजचा प्लग काढून आधी रबर फक्त धुतलं. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण, जुना मऊ टूथब्रश, आणि घडी बोटाने उघडून आतला काळा थर काढणं, एवढंच. बुरशी घट्ट होती तिथे लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून पुसलं. समोरच्या पत्र्यावरची तेलकट रेघही काढली, कारण रबर तिथेच टेकतं. कोरडं केल्यावर पाचपैकी दोन जागा घट्ट झाल्या. थिनर, पेट्रोल किंवा ब्लीच इथे मुद्दाम टाळावं. त्याने काळं निघतं, पण पीव्हीसी आणखी कडक होते.

उरलेल्या तीन जागांवर रबराला आत दुमडलेली खोच होती. कापड हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात भिजवून, पिळून ते त्या जागी काही मिनिटं धरलं, मग बोटांनी रबर बाहेर ओढून आकार दिला. थंड होऊ दिल्यावर एक जागा सुधारली. हेच काम केस वाळवायच्या ड्रायरनेही होतं. तो अगदी मंद आचेवर, वीतभर लांब ठेवून सतत हलवत न्यावा. एका जागी धरला, तर पट्टी चकाकते आणि वाकते, मग ती बदलावीच लागते.

शेवटच्या दोन जागा मात्र हलेनात. रबर मऊ, खोच आता नाही, चुंबक पत्र्याला ओढतो, तरी कागद सुटतो. तिथे रबराचा दोष नव्हता. समोरचा एक पाय फिरवण्याचा होता. तो पाव फेरा फिरवून दार लावलं आणि पुन्हा कागद ओढला. पहिल्या दिशेने कागद आणखी सैल झाला, म्हणून उलट फिरवलं. दोन पाव फेऱ्यांनी दोन्ही जागांवर कागद अडू लागला. दर फेऱ्याला कागद हवाच, कारण डोळ्यांना हा फरक दिसत नाही. शेवटी दार अर्धं उघडं सोडून पाहिलं, ते आपोआप बंद होतं की नाही. फ्रीज समोरून किंचित उंच असेल, तर दार स्वतःच मिटतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ३२ जागा पाहिल्या, सगळ्या घट्ट. त्यानंतर महिनाभर बर्फ काढायची वेळ आली नाही.

रबर बदलायचं केव्हा, याची खूण सोपी आहे. पट्टी चिरली आहे, कोपऱ्याचा सांधा उघडला आहे, आतला चुंबक तुटून फिरतो आहे, किंवा गरम करूनही दाबलेली जागा वर येत नाही. तेव्हा दुरुस्तीत वेळ घालवू नये. माप दारावरून घ्यावं, जुन्या ताणलेल्या रबरावरून नव्हे. खोबणीच्या मध्यापासून समोरच्या खोबणीच्या मध्यापर्यंत रुंदी आणि उंची मोजावी. जुन्या रबराचा एक लहान तुकडा कापून सोबत न्यावा, कारण माप बरोबर असूनही मागची घडी वेगळी निघाली की ते बसत नाही.

नवीन रबर घडी घालून आलेलं असतं. ते आधी कोमट पाण्यात भिजवून किंवा थोडा वेळ उन्हात पसरून सरळ करावं, नाहीतर घडीच्या खुणा सैल जागा होऊन राहतात. बसवताना चारी कोपरे आधी, मग बाजू मध्यापासून कोपऱ्यांकडे दाबत जाव्यात. काही जुन्या फ्रीजमध्ये रबर खोबणीत नसतं, ते दाराच्या आतल्या पत्र्याखाली स्क्रूने दाबलेलं असतं. तिथे सगळे स्क्रू एकदम काढू नयेत. दाराची ताठरता त्यांच्यामुळेच राहते आणि सगळे निघाले की दार पिळतं. एकेक जरा सैल करत जुनी पट्टी काढावी, नवी सरकवावी आणि तसेच हळूहळू कसत यावं. चाचणी लगेच करू नये. दार रात्रभर मिटलेलं राहू द्यावं, घडी आपल्या जागी बसू द्यावी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदाने वेढा घालावा.