वेबसाइटची ऑर्डर एका पैशासाठी का अडते?

वेबसाइटवरून आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये येणारी ऑर्डर 'रक्कम जुळत नाही' असा शेरा पडून अडकली की आम्हाला फोन येतो: एका पैशाचाच फरक आहे, सोडून द्या ना! सोडून का देत नाही, ते इथे सांगतो.

आपण १९.९९ लिहितो, पण बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत अपूर्णांक अर्धा, पाव, एक-अष्टमांश अशा तुकड्यांत साठवला जातो. एक भागिले तीन दशांशात लिहायला गेलं की ०.३३३ संपतच नाही, तसंच १९.९९ चं तिथे होतं. रुपयाच्या शंभर पैशांपैकी ००, २५, ५० आणि ७५ हेच तंतोतंत बसतात, बाकी सगळे किंचित कमी किंवा जास्त. म्हणून १९.५० च्या वस्तूची ऑर्डर कधी अडत नाही, १९.९९ ची अडते.

एवढ्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते रुपयांचे पैसे करताना, आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ यातली दुसरी, `parseInt` ची ओळ असते:

```
19.99 * 100              // 1998.9999999999998
parseInt(19.99 * 100)    // 1998
Math.round(19.99 * 100)  // 1999
```

`parseInt` जवळच्या अंकाकडे नेत नाही, दशांश चिन्हापुढचं कापून टाकतं. एका नगाला एक पैसा गेला, तर ५०० नगांच्या ऑर्डरवर ९,९९५ ऐवजी ९,९९० रुपये येतात. एका पैशाची सूट ठेवली असती तर एका नगाच्या ऑर्डरीत ही चूक कोणाला दिसलीच नसती. पाच रुपये कमी आल्यावर मात्र गेल्या महिन्याची बिलं उकरावी लागतात. कृपया 'किरकोळ फरक' नावाची नोंद टाकून हिशेब जुळवू नका; मग मूळ ऑर्डर शोधण्यात आमचा आणि तुमचा दिवस जातो.

आमच्याकडे रक्कम पूर्णांकात, पैशांत साठते. तुमच्या डेव्हलपरने `1999` असा पूर्णांक पाठवावा किंवा `"19.99"` असा मजकूर. रूपांतर आम्ही करू. त्यांच्या डेटाबेसमध्ये रकमेचा रकाना `FLOAT` नको, `DECIMAL(12,2)` हवा. पायथॉनमध्ये `Decimal("19.99")` लिहावं. अवतरण चिन्हं विसरली तर `Decimal` वापरूनही तीच चुकीची किंमत आत येते.

जीएसटीतला फरक मात्र वेगळा, तो यातलं काही करून जात नाही. १०.७० रुपयांच्या दहा ओळींवर ९ टक्के सीजीएसटी ओळीगणिक काढला तर प्रत्येकी ०.९६, म्हणजे ९.६०, एकूण १०७ वर काढला तर ९.६३. आम्ही ओळीगणिक काढतो, कारण एखादी वस्तू परत आली की तिचाच कर नेमका वजा करता येतो. वेबसाइटवरही तीच पद्धत ठेवा.

वेबसाइट जोडणीचा आमचा तयार भाग घेतलात तर हे सगळं त्यात आहेच. स्वतःचा कोड ठेवायचा असेल तरी हरकत नाही: १९.९९ आणि ४.३५ किमतीच्या चाचणी ऑर्डरी पाठवा, वार्षिक देखभाल असलेल्यांना आम्ही त्या फुकट तपासून देतो.