तारांकन तारांकन: कानासाठी उत्तर लिहिण्याची पार्श्वभूमी

फोनवरच्या एका बोलक्या मदतसेवेची चाचणी घेताना मी पाणीपट्टी कुठे भरायची ते विचारलं. तिच्या मागच्या भाषा-मॉडेलने लिहिलेलं उत्तर पडद्यावर असं दिसत होतं:

```
**बिल भरण्याचे मार्ग**
- ऑनलाइन: [येथे भरा](https://example.com/pay?id=42)
- केंद्र: सोम-शनि, 10:30-5
- रक्कम: ₹1,250 (मुदत 5/6)
```

वाचायला हे नेटकं आहे. कानावर मात्र आलं ते "तारांकन तारांकन बिल भरण्याचे मार्ग", मग अख्खा पत्ता तिरप्या रेघांसकट, आणि शेवटी "मुदत पाच भागिले सहा". पाच जूनचा पाच भागिले सहा झाला. बिल नेमकं कधीपर्यंत भरायचं, हेच ऐकणाऱ्याला कळलं नाही.

हा प्रश्न चॅटबॉटपेक्षा बराच जुना आहे. लिहिलेलं बोलून दाखवणाऱ्या यंत्रात आवाज तयार होण्याआधी एक पायरी लागते: आकडे, संक्षेप आणि चिन्हं यांचे शब्द करणं. १९८४ साली बाजारात आलेल्या डेकटॉक या यंत्रालाही ती चुकली नव्हती. 'डॉ.' म्हणजे डॉक्टर, आणि त्यातल्या टिंबाशी वाक्य संपत नाही, हे यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं. भाषा-तंत्रज्ञानाचे संशोधक रिचर्ड स्प्रोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली या सगळ्या आडमुठ्या शब्दांची पद्धतशीर वर्गवारी मांडली. संख्या, तारीख, रक्कम, संक्षेप, वेबपत्ता अशा प्रत्येकाला उच्चारायची रीत वेगळी, आणि कुठली रीत लावायची ते आजूबाजूच्या शब्दांवरून ठरवायचं.

पण शब्दांचा प्रश्न सुटला तरी मांडणीचा उरतोच. त्यावर सर्वांत खोल विचार केला तो पुण्यात वाढलेल्या टी. व्ही. रामन यांनी. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. वाडिया महाविद्यालयात गणित, मग आयआयटी मुंबई असं करत ते कॉर्नेलला पोचले. तिथे १९९४ साली त्यांनी गणिती लेखन बोलून दाखवणारी 'ॲस्टर' ही प्रणाली पीएचडीसाठी तयार केली.

त्यांची अडचण समजून घेण्यासारखी आहे. 'ए अधिक बी भागिले सी' असं कुणी वाचलं, तर भागाकार फक्त बीचा की ए आणि बी यांच्या बेरजेचा? कागदावर भागाकाराची आडवी रेघ ते सांगते. आवाजाला रेघ नसते. रामन यांनी रेघेचं वर्णन करत बसण्याऐवजी तिचं काम आवाजाकडे दिलं. घातांक आला की स्वर चढायचा, यादीतल्या नव्या मुद्द्याला ठिपक्याच्या नावाऐवजी एक छोटा ध्वनी यायचा. समीकरण फार लांब असेल, तर आधी त्याचा सांगाडा सांगायचा आणि आतले भाग नंतर एकेक करून. डोळा मागे जाऊन पुन्हा पाहू शकतो. कानाला ती सोय नाही, म्हणून लांबण आधीच तोडावी लागते.

१९९५ साली त्यांचं ईमॅकस्पीक आलं, ईमॅक्स या संपादकाला बोलतं करणारा प्रोग्राम. त्यामागचा विचार मला आजही सगळ्यात मोलाचा वाटतो. पडद्यावर काय दिसतं ते वाचणारा प्रोग्राम दिनदर्शिका समोर आली की महिन्याचं नाव, वारांची आद्याक्षरं आणि एक ते एकतीस आकडे ओळीने वाचत सुटतो. ऐकणाऱ्याला हवं असतं "गुरुवार, १५ मे १९९७" एवढंच. दिनदर्शिकेचा चौकोन डोळ्यांच्या सोयीसाठी आखलेला आहे, माहिती त्याच्या आत आहे. ईमॅकस्पीक माहितीला हात घालतं आणि त्यावरून बोलतं.

हीच दृष्टी वेबवर आणण्याचा प्रयत्नही झाला. वेबपानांची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस भाषेच्या १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत स्वर, विराम आणि विरामचिन्हांचा उच्चार ठरवणारे गुणधर्म होते. ब्राउझरांनी ते फारसे राबवले नाहीत. मग सप्टेंबर २००४ मध्ये एसएसएमएल हे प्रमाण आलं, मजकूर कसा बोलायचा ते यंत्राला खुणांनी सांगणारं. त्यात `say-as` ही खूण आहे. हा मजकूर तारीख म्हणून वाच, हा फोन नंबर म्हणून, असं तिने यंत्राला सांगता येतं. पण त्या खुणेत तारीख, फोन नंबर वगैरे प्रकारांसाठी नेमके कोणते शब्द लिहायचे हे प्रमाणानेच ठरवून दिलं नाही, त्यामुळे एका कंपनीच्या आवाजाला समजलेली खूण दुसरीचा आवाज तशीच घेईल याची खात्री नाही.

त्याच २००४ साली जॉन ग्रुबर यांनी मार्कडाउन प्रसिद्ध केलं. दोन तारांकनांमध्ये ठळक शब्द, ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ म्हणजे यादी. साध्या मजकुरातही वाचायला सोपं, हा त्याचा हेतू, आणि वाचणं म्हणजे अर्थातच डोळ्यांनी. भाषा-मॉडेलांना ही मांडणी इतकी अंगवळणी पडली की आवाजी संभाषण आलं तरी ती सुटली नाही. वरचं उत्तर तिथूनच आलं.

सहज सुचणारा उपाय म्हणजे बोलण्याआधी चिन्हं गाळणं. तो अपुरा का पडतो हे त्याच उत्तरावर दिसतं. तारांकनं आणि रेघा काढल्या की तीन मुद्दे एकमेकांना चिकटून एक लांब विस्कळीत वाक्य होतं. शिवाय थांबावं लागू नये म्हणून उत्तर तुकड्यातुकड्यांनी आवाजाकडे जातं, आणि एखादा तुकडा लिंकच्या मधोमध तुटतो. `[येथे भरा](https://exa` एवढंच हाती आलं तर गाळणीला ती लिंक आहे हे ओळखताच येत नाही, आणि अर्धा पत्ता बोलला जातो. टिंबावर तुकडा पाडला तर 'रु.' नंतर आवाज थांबतो आणि रक्कम नव्या वाक्यासारखी सुरू होते. म्हणजे तुकडा थोडा अडवून ठेवावाच लागतो.

माझ्या मते दुरुस्ती लिहितानाच व्हायला हवी. मॉडेलला "मार्कडाउन वापरू नकोस" एवढं सांगून भागत नाही, कारण मग ते यादीऐवजी 'मुद्दा क्रमांक एक' असं लिहितं. हे उत्तर फोनवर ऐकलं जाणार आहे आणि ऐकणाऱ्याला पडदा दिसत नाही, असं सांगावं लागतं. तेच उत्तर मी कानासाठी असं लिहिलं:

"बिल दोन ठिकाणी भरता येतं, ऑनलाइन किंवा केंद्रावर. केंद्र सोमवार ते शनिवार, सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच उघडं असतं. रक्कम साडेबाराशे रुपये आहे आणि पाच जूनपर्यंत भरायची आहे. ऑनलाइन भरायचं असेल तर लिंक मेसेजने पाठवू का?"

मार्ग दोनच होते. रक्कम हा तिसरा मार्ग नव्हे, पण पडद्यावरच्या यादीत ती त्याच रांगेत बसली होती आणि कुणाला खटकलं नव्हतं. बोलायला घेतल्यावर ते लपलं नाही. 'साडेबाराशे' आणि 'साडेदहा' हे तर मराठी कानाचेच शब्द, 'एक हजार दोनशे पन्नास' ऐकून माणूस क्षणभर अडखळतो. मात्र आकड्यांचं अक्षरी रूप मॉडेलवर सोपवताना जपावं लागतं. आपल्याकडे एकोणसत्तर आणि एकोणऐंशी एकमेकांच्या इतके जवळ आहेत की चूक झाली तरी वाक्य अगदी सुरळीत ऐकू येतं. स्प्रोट आणि नवदीप जेटली यांनी २०१६ मध्ये आकड्यांचे शब्द करणाऱ्या न्यूरल जाळ्यांबद्दल, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या मॉडेलांबद्दल, हाच इशारा दिला होता: एकूण अचूकता चांगली, पण मधूनच एखादी संख्या भलतीच. म्हणून रक्कम, तारीख आणि फोन नंबर यांचे शब्द मी नियमांनी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडून करून घेतो, आणि बाकीचं वाक्य मॉडेलकडे ठेवतो.

तपासायची रीतही यातूनच ठरली. लिखित उत्तर पाहून चूक सापडत नाही, कारण डोळा `5/6` ची तारीख स्वतःच करून घेतो. म्हणून एकाने फोन कानाला लावायचा, पडद्याकडे पाठ करायची, आणि उत्तर संपल्यावर रक्कम, मुदत आणि वेळ कागदावर उतरवायची. लिंकच्या प्रश्नाला "हो" म्हटल्यावर मेसेज खरंच येतो का, तेही तेव्हाच पाहायचं. आमच्या पहिल्या फेरीत तो आला नाही, कारण पाठवण्याची सोय जोडलेलीच नव्हती. ती जोडून होईपर्यंत आम्ही ते वाक्य उत्तरातून काढून टाकलं.