नवी कॉम्प्युटर लॅब लावताना: प्रिंटरचा पत्ता आधी राखून ठेवा

दर वर्षी शाळा उघडल्या की ठाण्यापासून घणसोलीपर्यंत आमच्या ग्राहकांचा एकच फोन येतो: "सर, सगळी मशिन चालू आहेत, पण प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय." बहुतेक वेळा प्रिंटर बिघडलेला नसतो, त्याचा नेटवर्कवरचा पत्ता दुसऱ्याने घेतलेला असतो. वीस मशिनची लॅब लावतानाच थोडी काळजी घेतली तर ही वेळ येत नाही.

आधी स्विच. वीस मशिन, एक प्रिंटर आणि राउटरकडून येणारी वायर मिळून २२ पोर्ट लागतात, म्हणून आम्ही २४ पोर्टचा एकच गिगाबिट स्विच लावतो. शाळेत पडून असलेले आठ पोर्टचे तीन स्विच चालतील का, असं हमखास विचारलं जातं. ते एकमेकांना जोडण्यातच चार पोर्ट जातात आणि हाती उरतात वीस. खर्च वाचवायला आमची ना नाही, पण इथे तो वाचत नाही.

वापरात नसलेली वायर लोंबती ठेवू नका. साफसफाई करताना कोणीतरी चांगल्या मनाने तिचं मोकळं टोक रिकाम्या पोर्टमध्ये खोचतं, आणि दुसरं टोक त्याच स्विचमध्ये असलं तर सगळे दिवे एकदम भराभर लुकलुकू लागतात व अख्खी लॅब ठप्प होते. अशी वायर आम्ही दोन्हीकडून काढून कपाटात ठेवायला देतो.

आता मुख्य गोष्ट. राउटर प्रत्येक मशिनला आपोआप पत्ता वाटतो. बऱ्याच राउटरमध्ये ही वाटप-यादी जवळपास सगळेच पत्ते व्यापते. अशा वेळी प्रिंटरला हाताने कुठलाही मोकळा दिसणारा पत्ता दिला की त्या दिवशी काम भागतं, पण राउटरला त्याची खबर नसते.

ऐरोलीतल्या एका शाळेत असंच झालं. प्रिंटरला 192.168.1.23 दिला होता. मे महिन्यात प्रिंटर बंद राहिला आणि ऑफिसात नवा लॅपटॉप आला. राउटरला 23 रिकामा दिसला, त्याने तो लॅपटॉपला देऊन टाकला. जूनमध्ये दोघंही चालू झाले आणि दाखल्यांची छपाई कधी होई, कधी अडकून बसे. मॅडमनी ड्रायव्हर दोनदा टाकला, कार्ट्रिजही बदललं. आम्ही प्रिंटरचं बटण बंद केलं आणि 23 वर आणखी कोणी आहे का हे बघायला लॅबमधल्या एका मशिनवर Command Prompt मध्ये हे टाकलं:

```
ping 192.168.1.23
arp -a
```

प्रिंटर बंद असूनही `arp -a` च्या यादीत 23 समोर Physical Address, म्हणजे यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसत होता, आणि तो प्रिंटरच्या कॉन्फिगरेशन पानावर छापलेल्या ओळख क्रमांकाशी जुळत नव्हता. म्हणजे 23 वर दुसरंच कोणी होतं. दोन सूचना: फायरवॉलमुळे `ping` ला उत्तर आलं नाही तरी `arp -a` जरूर बघा. आणि `Destination host unreachable` ही ओळ Reply ने सुरू होत असली तरी ते समोरच्या यंत्राचं उत्तर नव्हे.

उपाय राउटरमध्येच असतो. आम्ही वाटप-यादी 192.168.1.100 ते 192.168.1.199 एवढीच ठेवतो आणि प्रिंटरला त्याबाहेरचा 192.168.1.20 देतो. सबनेट 255.255.255.0, गेटवे राउटरचा 192.168.1.1. वीस मशिनना पत्ते आपोआपच मिळू द्या. हाताने वीस पत्ते टाकत बसलात की एखादा आकडा चुकतो आणि शोधायला दुपार जाते. बदल झाल्यावर राउटर आणि मशिन एकदा बंद करून चालू करा.

मग प्रत्येक मशिनवर प्रिंटर पत्ता टाकून, TCP/IP पद्धतीने जोडायचा. विंडोज स्वतःहून शोधून देतो तो पर्याय सोपा वाटतो, पण त्यात बरेचदा WSD पोर्ट लागतो आणि असे प्रिंटर पुढे ऑफलाइन दिसण्याच्या तक्रारी आमच्याकडे जास्त येतात. प्रिंटरच्या Ports मध्ये 192.168.1.20 वरच खूण आहे ना, हे बघून घ्या. शिक्षकांच्या मशिनवरून प्रिंटर शेअर करणं आम्ही टाळतो, कारण ते मशिन बंद असलं की उरलेल्या एकोणीस जणांची छपाई थांबते.

वीस मशिनवर हे करायला आम्हाला साधारण अर्धा दिवस लागतो आणि कोटेशनमध्ये तो वेगळा लिहिलेला असतो. "एवढ्याशा कामाला अर्धा दिवस?" असं वाटणं साहजिक आहे. मात्र आम्ही प्रत्येक मशिनवरून एक चाचणी पान छापून तुमच्यासमोर ठेवतो, आणि प्रिंटरवर पत्त्याची चिठ्ठी लावूनच निघतो. वार्षिक देखभाल घेतलेल्या शाळांमध्ये उन्हाळी सुट्टीनंतर, पहिल्या तासाआधी येऊन हीच तपासणी पुन्हा करून देतो.

आम्ही येणार त्या दिवशी राउटरचा पासवर्ड तेवढा हाताशी ठेवा. तो नसला तर वाटप-यादीला हात लावता येत नाही आणि दुसरी फेरी मारावी लागते.