खोल नेटवर्क शिकेनात तेव्हा : रेसिड्युअल जोडणीची पार्श्वभूमी

थर वाढवले की न्यूरल नेटवर्कचे सुरुवातीचे थर शिकेनासे होतात. यामागचे गणित सेप होखरायटर यांनी १९९१ मध्ये म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील आपल्या प्रबंधात मांडले. चूक शेवटच्या थरातून मागे येताना प्रत्येक थरात एका संख्येने गुणली जाते. सिग्मॉइडचा उतार जास्तीत जास्त ०.२५ असतो. वेट १ च्या आसपास धरली, तर १० थर मागे येईपर्यंत हा मागे येणारा संकेत, म्हणजे ग्रेडियंट, दहा लाखाव्या भागाहूनही लहान होतो आणि २० थरांत लाख कोटीव्या भागाखाली जातो. अशा वेळी लॉस थोडा उतरतो आणि मग अडकून बसतो. थरागणिक ग्रेडियंटचे आकारमान छापून पाहिले की कारण लगेच कळते : शेवटचे थर हलत असतात, पहिले जवळजवळ जागच्या जागी असतात.

यावर उपाय एकेक करून आले. सिग्मॉइडच्या जागी रेलू आले. त्याचा उतार धन बाजूला नेमका १ असतो. २०१० मध्ये ग्लोरो आणि बेंजिओ यांनी सुरुवातीची वेट थराच्या रुंदीनुसार कशी निवडावीत ते दाखवले, आणि २०१५ मध्ये बॅच नॉर्मलायझेशन आले. एवढ्यावर प्रश्न सुटायला हवा होता, पण तो सुटला नाही. खरी गंमत इथेच आहे.

२०१५ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्ट रिसर्च आशियातील कायमिंग हे आणि सहकाऱ्यांनी इमेजनेट या चित्रसंचावर १८ आणि ३४ थरांची दोन साधी नेटवर्क शिकवली. दोन्हींत बॅच नॉर्मलायझेशन होते. १८ थरांच्या नेटवर्कची चूक २७.९४ टक्के आली, तर ३४ थरांची २८.५४ टक्के. ट्रेनिंगच्या चित्रांवरही ३४ थरांचीच चूक जास्त होती, म्हणजे हे पाठांतर करून परीक्षेत नापास होणे नव्हे. ग्रेडियंटही विरत नव्हते, तपासले तेव्हा ठीकठाक होते. खरे तर ३४ थरांना १८ थरांइतके जमायलाच हवे : आधीचे १८ थर तसेच घ्यायचे आणि उरलेल्यांनी आलेले पुढे सरकवायचे. हे उत्तर अस्तित्वात होते, पण ट्रेनिंगला ते सापडत नव्हते.

मग त्यांनी दर दोन थरांच्या गटाला त्याचेच इनपुट थेट शेवटी आणून जोडले :

```
y = x + F(x)
```

आता काहीच बदलायचे नसेल तर `F` ची वेट शून्याकडे ढकलली की झाले. एकही नवे वेट न वाढवता ३४ थरांची चूक २५.०३ टक्क्यांवर आली. १८ थरांत मात्र फारसा फरक पडला नाही (२७.८८), कारण तिथे अडचणच नव्हती. म्हणून ‘रेसिड्युअल जोडणीने विरणारा ग्रेडियंट वाचवला’ एवढेच म्हणणे आम्हाला अपुरे वाटते.

ग्रेडियंटची बाजू त्यांच्याच २०१६ च्या पुढच्या निबंधात स्पष्ट झाली. वरच्या समीकरणाचा उतार `1 + F'(x)`. असे कितीही गट गुणले तरी विस्तारात एक पद निव्वळ १ राहते, आणि त्या वाटेने ग्रेडियंट न आटता पहिल्या थरापर्यंत पोचतो. ही वाट किती स्वच्छ हवी, हे त्यांनी ती मुद्दाम बिघडवून पाहिले. ११० थरांच्या नेटवर्कमध्ये असे ५४ गट असतात. थेट वाट प्रत्येक गटात ०.५ ने गुणली की त्या वाटेचा ग्रेडियंट ५४ वेळा निम्मा होतो. नेटवर्क नीट शिकलेच नाही. `F` सुद्धा निम्मे केले तेव्हा सीफार-१० या छोट्या चित्रांच्या संचावरची चूक १२.३५ टक्के आली, मूळ रचनेत ती ६.६१ होती. थेट वाटेवर १×१ कॉन्व्होल्यूशन ठेवले तरी १२.२२. वेट असलेला थर जास्त ताकदीचा, तरी निकाल वाईट. त्यामुळे चॅनेलची संख्या बदलते तेवढ्याच ठिकाणी १×१ ठेवावे, बाकी वाट मोकळी सोडावी. बेरजेनंतरचे रेलूही याच कारणाने त्यांनी `F` च्या आत हलवले, आणि १००१ थरांची चूक ७.६१ वरून ४.९२ टक्क्यांवर उतरली.

जोडणी दिली म्हणजे थर कितीही चढवावेत, असे मात्र नाही. पहिल्याच निबंधात सीफार-१० वर १२०२ थरांच्या नेटवर्कची ट्रेनिंगमधली चूक ०.१ टक्क्याखाली गेली, पण टेस्टमध्ये ते ७.९३ वर अडले. ११० थरांचा तिथला सर्वोत्तम निकाल ६.४३ होता. ट्रेनिंगची चित्रे ५०,००० च होती, आणि इथली चूक पाठांतराची असल्याचे लेखकांचे मत होते.

सुरुवातीची पावलेही जपून टाकावी लागतात. त्याच ११० थरांना ०.१ हा लर्निंग रेट सुरुवातीला जड गेला, म्हणून सुमारे ४०० पावले ०.०१ वर चालवून मग तो वाढवला. पुढे रूढ झालेली सोय अशी : प्रत्येक गटातल्या शेवटच्या बॅच नॉर्मचा गुणक शून्यापासून सुरू करायचा.

```python
nn.init.zeros_(block.bn2.weight)
```

मग सुरुवातीला प्रत्येक गट आलेले तसेच पुढे देतो आणि नेटवर्क उथळ असल्यासारखे वागते. शून्य फक्त या एका गुणकाला द्यावे. त्याला स्वतःला ग्रेडियंट मिळतो, म्हणून तो पहिल्याच पावलात हलतो. गटातली सगळीच वेट शून्य केली तर कॉन्व्होल्यूशनना ग्रेडियंट पोचत नाही आणि तो गट तिथेच गोठून राहतो.