चिटाच्या कापडावरचा 'स'

बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी आजीची जुनी पेटी उघडली, तर तळाशी चिटाचं एक कापड निघालं. शेजारच्या गुजराती काकूंनी ते हातात घेतलं आणि म्हणाल्या, "अरे, आ तो छींट!" इंग्रजी माणूस याच कापडाला 'चिंट्झ' म्हणतो.

छींट म्हणजे शिंतोडा किंवा ठिपका. सतराव्या शतकात गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून हे छापील सुती कापड इंग्लंडला जाऊ लागलं. इंग्रज व्यापारी एका प्रकाराला 'चिंट' आणि अनेकांना 'चिंट्स' म्हणत. कापड नेहमी गठ्ठ्यांनीच यायचं, त्यामुळे कानावर अनेकवचनच पडे. हळूहळू शेवटचा 'स' शब्दाचाच भाग झाला. अनेकवचन एकवचन होऊन बसलं, आणि हिशेबाच्या वहीतला शब्द घराच्या पडद्यांवर गेला. लोकरीच्या आणि रेशमाच्या विणकरांनी तक्रार केली, म्हणून १७२१ साली इंग्लंडमध्ये बहुतेक छापील सुती कापड वापरायलाच बंदी आली. ती १७७४ मध्ये उठली. शब्द मात्र टिकून राहिला.

'बंडाना'ची गोष्ट याहून सरळ आहे. कापड नखाने चिमटीत उचलायचं, त्याला दोऱ्याने घट्ट बांधायचं आणि मग रंगात बुडवायचं. बांधलेल्या जागी रंग शिरत नाही, म्हणून तिथे पांढरे ठिपके उरतात. ही बांधणी. 'बांधनू'वरून अठराव्या शतकात इंग्रजीत 'बंडाना' झालं. आज त्याचा अर्थ डोक्याला किंवा गळ्याला बांधायचा रुमाल एवढाच उरला आहे, मग त्यावरचे ठिपके छापलेले का असेनात. ज्या क्रियेवरून नाव पडलं तीच अर्थातून गळाली.

व्यापाराकडून आपण अंगणात येऊ. खाटेचं 'कॉट' झालं, बंगाली धाटणीच्या बैठ्या घराचं 'बंगलो'. इथे एक सावधगिरी हवी. 'व्हरांडा' आपला वाटतो, पण त्याचं मूळ बहुतेक अभ्यासक पोर्तुगीज मानतात. नुसतं उच्चारसाम्य पुरत नाही. शब्द कुणाकडून, कोणत्या वाटेने आणि कोणत्या अर्थाने गेला हे जुन्या लिखाणात दिसावं लागतं.

'शाम्पू'ची अशी वाट स्पष्ट दिसते. 'चांपो' म्हणजे दाब, चेप. इंग्रजीत आधी त्याचा अर्थ अंग रगडणं असा होता. पाटण्याच्या शेख दीन महंमदांनी एकोणिसाव्या शतकात ब्रायटनला स्नानगृह चालवलं, तेव्हा 'शाम्पू' म्हणजे मालीशच होती. केस धुण्याचा अर्थ नंतर चिकटला. आपल्या चंपीत मूळ अर्थ अजून जिवंत आहे.

प्राण्यांपैकी एकच सांगतो, कारण तो मराठीतून गेला: मुंगूस. इंग्रजीत त्याचं 'मंगूस' झालं. शेवटचा भाग 'गूस' म्हणजे हंसासारखा ऐकू येतो, म्हणून त्याचं अनेकवचन 'मंगीस' करायचा मोह अनेकांना होतो. बरोबर रूप 'मंगूसेस'. त्या शब्दात हंस कधी नव्हताच.