दार उघडलं की आत मुंबई शिरते

मे महिन्यात पहाटे तळोज्याच्या शीतगृहातून आइस्क्रीमचे खोके भरून एक छोटा ट्रक निघतो. चेंबूर, दादर, परळ करत दुपारी गिरगावात पोचतो. बाहेर 34 अंश, आत उणे 20. एवढा 54 अंशांचा फरक दिवसभर टिकवून धरायचा, तेही दार वीस वेळा उघडून.

ट्रकची बॉडी म्हणजे पफ पॅनलची खोली. दोन पातळ पत्र्यांमध्ये किंवा फायबरच्या तक्त्यांमध्ये 100 मिलिमीटर जाडीचा पॉलियुरेथेनचा फेस भरलेला असतो. त्याच्या अगणित बारीक बंद बुडबुड्यांत अडकलेला वायू उष्णतेला सहज वाट देत नाही. खरं काम तो वायूच करतो, फेस त्याला फक्त जागच्या जागी धरून ठेवतो. समजा बॉडी 14 फूट लांब आणि साधारण साडेसहा फूट रुंद-उंच आहे. मग भिंती, छत, फरशी आणि दार मिळून सुमारे 42 चौरस मीटर पृष्ठभाग होतो. चांगल्या बॉडीत गोठलेल्या मालासाठी प्रत्येक चौरस मीटरमधून, प्रत्येक अंश फरकामागे 0.4 वॉटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये, अशी अपेक्षा असते. गुणाकार केला की साधारण 900 वॉट येतात. छतावर ऊन असेल तर हजार धरा. म्हणजे भिंती कितीही चांगल्या असल्या, तरी आत कपड्यांची एक इस्त्री सतत चालू ठेवल्यासारखं आहे. फेस उष्णता थांबवत नाही, तिचा वेग कमी करतो. आत आलेली उष्णता बाहेर काढायला यंत्र लागतंच.

ते यंत्र दोन ठिकाणी विभागलेलं असतं. आत, समोरच्या भिंतीला छताजवळ कूलिंग कॉइल आणि पंखे असतात. कॉइलच्या नळ्यांमध्ये द्रवरूपात आलेला गॅस कमी दाबाखाली उणे 25-28 अंशांच्या आसपास उकळतो आणि उकळताना आतल्या हवेतली उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. दाब वाढला की ती तापते, बाहेरच्या हवेपेक्षाही गरम होते. मग ती केबिनच्या डोक्यावर बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जाते, तिथे उष्णता बाहेर टाकून द्रव होते आणि परत आत येते. बाहेर 34 अंश असताना कंडेन्सरला 45-50 अंशांवर काम करावं लागतं, नाहीतर उष्णता बाहेर जाणारच नाही.

कॉम्प्रेसर कोण फिरवतं, यावर मुंबईत बरंच अवलंबून असतं. लहान ट्रकांमध्ये तो गाडीच्याच इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. हमरस्त्यावर ठीक. पण सायनच्या कोंडीत इंजिन मंद घुरघुरत राहिलं, की कॉम्प्रेसरही मंदावतो, नेमका तेव्हा, जेव्हा कंडेन्सरवरून वारा वाहत नाही आणि शेजारच्या बसचा धूर त्याच्यावर येतो. मोठ्या गाड्यांच्या यंत्राला म्हणून स्वतःचं छोटं डिझेल इंजिन असतं. गाडी बंद असो, कोंडीत असो, त्याला फरक पडत नाही. पुष्कळ यंत्रांना वेगळी विजेची मोटरही असते. रात्री शीतगृहाच्या आवारात गाडी लावली की वायर जोडायची आणि डिझेल न जाळता आतला थंडावा राखायचा.

आता दार. माझ्या मते सगळ्या हिशोबात हाच भाग लोक कमी लेखतात.

थंड हवा जड असते. दार उघडताच ती खालून बाहेर सांडते आणि तिची जागा घ्यायला वरून बाहेरची हवा आत येते. बॉडी अर्धी भरलेली असेल आणि दार दोन-तीन मिनिटं सताड उघडं राहिलं, तर आतली बहुतेक हवा, म्हणजे सुमारे 10 किलो, बदलून जाते. मुंबईची ती हवा फक्त गरम नसते, ओली असते. 34 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेला 10 किलो हवेत साधारण पाव लिटर पाणी वाफेच्या रूपात असतं. ते कॉइलवर जाऊन गोठतं आणि गोठताना आपल्या पोटातली उष्णता तिथेच सोडतं. एका दार-उघडीचा एकूण भार सुमारे 1200 किलोज्यूल भरतो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा या बाष्पाचा असतो. भिंतींतून तेवढी उष्णता यायला वीस मिनिटं लागतात. गंमत अशी, की नागपुरात 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असताना तीच दार-उघडी सुमारे पाऊणपटच भार टाकते. दहा अंश जास्त गरम असूनही!

वीस दुकानांना दार असंच उघडं राहिलं, तर कॉइलवर चार-साडेचार लिटर पाण्याचा बर्फ जमू शकतो. तो नळ्यांभोवतीच्या पातळ पट्ट्यांमधल्या फटी बुजवतो, हवा जायला जागा उरत नाही. म्हणून ठरावीक वेळाने यंत्र पंखे थांबवून कॉम्प्रेसरमधला गरम गॅस थेट कॉइलमध्ये सोडतं. बर्फ वितळतो, पाणी तबकात पडतं आणि नळीवाटे गाडीखाली ठिबकतं. ती नळी तुंबली तर पाणी तबकातच पुन्हा गोठतं. ओळखायची खूण सोपी आहे. यंत्राचा आवाज नेहमीसारखा येतो, पण आतल्या पंख्याचा झोत अगदी क्षीण लागतो.

दारावर प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावतात, तो याचसाठी. बऱ्याच गाड्यांत तो वर गुंडाळून बांधलेला दिसतो, कारण खोके काढताना तोंडावर आपटतो. माणसाचं चुकतं असं नाही, पण पाव लिटर पाणी आत जातं. दाराचं रबर फाटलं तर हीच गळती दार बंद असतानाही चालू राहते. ते तपासायला दिवसा एकाने आत उभं राहायचं आणि दार लावून घ्यायचं. कुठे उजेडाची रेघ दिसली, तर तिथून हवाही येते. अर्थात बाहेर दुसरा माणूस हवा, दार उघडायला.

वाफ भिंतीतही घुसते. खिळ्याच्या भोकातून, फुटलेल्या कोपऱ्यातून ती फेसात शिरते, गोठते आणि फेसातल्या हवेची जागा बर्फ घेतो. बर्फातून उष्णता फेसापेक्षा कित्येक पटींनी सहज जाते. जुन्या बॉडीवर पहाटे हात फिरवून पाहा. भोवतालचा पत्रा कोरडा आणि एकच तुकडा घामेजलेला व गार लागला, तर त्यामागचा फेस गेला असं समजावं. चांगल्या भिंतीचा बाहेरचा पत्रा बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम दोन अंशांनी थंड असतो.

दुकानदार मात्र केबिनमधल्या आकड्याकडे बघतो. तो आकडा मालाचा नसतो, कॉइलकडे परतणाऱ्या हवेचा असतो. बर्फ वितळवण्याचा फेरा चालू असताना तो उणे 8 दाखवील आणि माल उणे 19 असेल. उलट माल छतापर्यंत रचून झोत अडवला असेल, तर आकडा उणे 20 आणि दारापाशी आइस्क्रीम मऊ. दोन्ही वेळा उपाय एकच: तापमापकाची सळई दोन खोक्यांच्या मध्ये दाबून धरायची, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि तोच आकडा पावतीवर लिहायचा. हे करताना दार लोटून घेतलेलं असावं.