बाजूच्या एका फोटोवरून गाडीची बॉडी ओळखणं

गाडीचा फक्त साइडचा एक फोटो आहे, बॅज दिसत नाही, नंबर दिसत नाही, आणि एवढ्यावरून ती हॅचबॅक, सेडान, इस्टेट का एमपीव्ही हे सांगायचं, असा हा प्रकार. इस्टेट म्हणजे आपण जिला स्टेशन वॅगन म्हणतो तीच. एमपीव्ही म्हणजे सात सीटर फॅमिली गाडी, इंदुरात तिला कंपनी कोणतीही असो सरळ इनोव्हाच म्हणून टाकतात, त्यामुळे बोलण्यावरून काही कळत नाही, फोटोच बघावा लागतो. एसयूव्ही इथे धरलेली नाही, तिचा घोळ वेगळा आहे.

बहुतेक लोक आधी गाडीचं तोंड बघतात आणि तिथेच फसतात, कारण एकाच घराण्यातल्या हॅचबॅक, सेडान आणि इस्टेटचं तोंड साधारण सारखंच असतं. बोनट तेच, पुढचं दार तेच. फरक सुरू होतो मागच्या दाराच्या मागे. म्हणून मी म्हणतो, बोटानं किंवा कागदानं फोटोतला गाडीचा पुढचा भाग झाकून टाका, मागचं दार आणि त्याच्या मागचा भाग तेवढा उघडा ठेवा. तिथे छप्पर कुठे संपतं, काच आहे का पत्रा आहे, आणि मागच्या चाकाच्या मागे शेपटीकडे किती गाडी उरली आहे, एवढंच बघायचं.

खांबांची नावं आधी सांगतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. पुढच्या काचेला धरून असतो तो ए पिलर, दोन दारांच्या मधला बी, मागच्या दाराच्या मागचा सी, आणि त्याच्याही मागे एक काच असून मग गाडीच्या अगदी टोकाला खांब असेल तर तो डी. हॅचबॅक आणि सेडानमध्ये गोष्ट सी पिलरवर संपते. इस्टेट आणि एमपीव्हीत डी पिलर असतो, म्हणजे बाजूनं बघताना दोन दारांच्या दोन काचा आणि मागे तिसरी मोठी काच. ही तिसरी काच नीट मोठी पाहिजे हां, कारण कित्येक हॅचबॅक आणि सेडानच्या मागच्या दाराला चिकटून एक छोटा त्रिकोणी तुकडा असतो, तो धरायचा नाही. त्या तुकड्यामागे माणसाचं डोकं मावेल का असं स्वतःला विचारलं की उत्तर मिळतं.

हॅचबॅकमध्ये मागच्या दारानंतर फार काही उरत नाही. छप्पर मागच्या चाकाच्या वरून जरासं मागे जातं आणि काचेसकट खाली उतरतं, चाकाच्या मागे बंपर लगेच येतो. गाडीच्या पाठीचं दार वर उचललं की काच पण सोबत वर जाते. वॅगन आर सगळ्यांना माहीत आहे, तिच्या नावात वॅगन आहे आणि उंची पण भरपूर, २०१९ नंतरच्या मॉडेलची लांबी ३६५५ मिमी आणि उंची १६७५ मिमी, तरी ती हॅचबॅकच, कारण मागचं चाक गाडीच्या कोपऱ्यात बसलंय आणि दाराच्या मागे माणूस बसायला जागाच नाही. नुसती उंच आहे म्हणून एमपीव्ही म्हणू नये.

सेडानची खूण डिकी, हे लहान मूलही सांगेल, पण आपल्याकडे हे तेवढं सरळ राहिलं नाही. २००६च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांना एक्साइजमध्ये सूट मिळाली आणि मग कंपन्यांनी डिक्या छाटायला सुरुवात केली. २००८ला टाटानं इंडिगो सीएस आणली, २०१२ला मारुतीनं डिझायर छाटून ३९९५ मिमीवर आणली. त्या वेळची स्विफ्ट ३८५० मिमी होती आणि दोघींचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मधापासून मागच्या चाकाच्या मधापर्यंतचं अंतर, सारखंच २४३०. म्हणजे हॅचबॅक आणि सेडानमध्ये लांबीचा फरक फक्त १४५ मिमी, वीतभरसुद्धा नाही, फोटोत तो चाकाच्या पाव भागाएवढा दिसेल. त्यामुळे शेपटी किती लांब यावर विसंबायचं नाही, रेघ कुठे मोडते ते बघायचं. स्विफ्टमध्ये छपरापासून बंपरपर्यंतची रेघ एका दमात खाली येते. डिझायरमध्ये मागची काच उतरते, मग रेघ मोडून थोडीशी आडवी होते, आणि मग परत खाली. ती आडवी पायरी कितीही आखूड असली तरी ती डिकीच.

आता खरा पेच, इस्टेट आणि एमपीव्ही. दोघींना डी पिलर, दोघींना तिसरी काच, दोघींचं छप्पर शेवटपर्यंत. लोक इथे उंचीवर निकाल लावतात आणि ते नेहमी चालत नाही. माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण मागचं दार आहे. इस्टेट ही बहुतेक वेळा सेडानपासूनच बनवलेली असते, मागच्या दारापर्यंत गाडी सेडानचीच आणि त्यानंतर डिकीच्या जागी खोली चढवलेली. त्यामुळे मागच्या दाराच्या वरचा कोपरा सेडानसारखा तिरका उतरतो, जणू आत्ता छप्पर खाली येणार आहे, आणि तरी छप्पर सरळ मागे जातं. दाराच्या खालच्या बाजूला चाकाच्या कमानीनं मोठा घास घेतलेला असतो. एमपीव्ही तिसऱ्या रांगेसाठीच आखलेली असते, व्हीलबेस लांब असतो, म्हणून मागचं दार जास्त चौकोनी, वरचा कोपरा उभा, आणि कमानीचा घास लहान. सोबत पुढे पण एक नजर टाकायची (झाकलेला कागद काढून!), एमपीव्हीचं बोनट आखूड असतं, ए पिलर पुढच्या चाकाकडे सरकलेला असतो आणि बोनट ते काच ही जवळजवळ एकच चढण वाटते, पुष्कळ गाड्यांत ए पिलरच्या बुडाशी एक छोटी त्रिकोणी काचही असते.

एक केस सांगतो म्हणजे समजेल. राजेंद्रनगरात राहणाऱ्या मामांना कोणीतरी जुन्या गाडीचा फोटो पाठवला, चांदी रंगाची गाडी, समोरच्या ओट्यावरून बरोबर बाजूनं काढलेला, खाली लिहिलं होतं सात सीटर आहे, घरच्या सगळ्यांना पुरेल. मामा खूश. मी म्हटलं मामा थांबा, पट्टी आणा. फोटो मोठा करून मोबाइलवर पट्टी लावली. आधी दोन्ही चाकं मोजली, दोन्ही २० मिमी आणि गोल, म्हणजे फोटो तिरका नव्हता (एक चाक लहान किंवा अंडाकार दिसलं तर पुढचं मोजमाप करूच नये). चाकांच्या मधांतलं अंतर ८४ मिमी, म्हणजे चाकाच्या चारपटीहून थोडं जास्त. पूर्ण लांबी १४२. मागच्या चाकाच्या मधापासून बंपर ३१, म्हणजे चाकाच्या दीडपट, इतकी शेपटी आहे म्हटल्यावर हॅचबॅक गेली. छप्पर टोकापर्यंत आणि तिसरी मोठी काच, म्हणजे सेडान पण गेली. उरल्या दोन.

उंची आली ५४ मिमी, ती लांबीनं भागली तर ०.३८. मामा म्हणाले बघ, उंच आहे, एमपीव्हीच. आणि खरंच २०१८ला आलेली अर्टिगा ४३९५ लांब आणि १६९० उंच होती, तिचं गुणोत्तर पण ०.३८च येतं, म्हणजे मामांचं चुकलं नव्हतं, मापच तोकडं पडलं. मग दार बघितलं. वरचा कोपरा तिरका उतरलेला, खाली कमानीचा चांगला मोठा घास. बोनट लांब आणि आडवं, ए पिलर चाकापासून बराच मागे, बुडाशी काच नाही. आणि जोडीला तिसऱ्या काचेतून पलीकडची भिंत दिसत होती, मध्ये एकही हेडरेस्ट नाही. ती टाटाची इंडिगो मरीना निघाली. १९९८ला इंडिका हॅचबॅक आली, तिच्यावरून २००२ला इंडिगो सेडान, आणि इंडिगोवरून २००४ला मरीना इस्टेट, एका घराण्यातल्या तीन बॉड्या, आणि इंडिका मुळातच उंच गाडी होती म्हणून तिची वॅगन नात पण उंच. सीटा पाच. मामा दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले सामान तरी भरपूर मावेल.

हेडरेस्टची खूण उलटी मात्र वापरू नये. तिसऱ्या काचेत हेडरेस्ट दिसला तर सीट आहे हे नक्की, पण दिसला नाही म्हणजे सीट नाही असं नसतं, कारण एमपीव्हीत तिसरी रांग पाडून सामान भरलेलं असतं, कधी काचेवर पडदा असतो, आणि काळी फिल्म सुप्रीम कोर्टानं २०१२ला बंद केली तरी जुन्या फोटोंत ती असतेच. गडद काचेत काळ्या रंगाचा पिलरही हरवतो, छप्पर तरंगल्यासारखं दिसावं म्हणून कंपन्याच आजकाल पिलर काळे करतात, तेव्हा काचेच्या कडा नाही, दाराची फट शोधायची, ती लपत नाही.

मोबाइलचा आणखी एक उपद्रव, जवळून वाइड लेन्सनं काढलं की मधलं फुगतं आणि टोकं ताणली जातात, हॅचबॅकची शेपटी पण लांब वाटायला लागते. दहा पंधरा पावलं मागे जाऊन झूम करून काढलेला फोटो बरा. राजवाड्याच्या गर्दीत ते शक्य नाही हे मान्य.

इंदूरजवळच्या पिथमपूरला नॅट्रॅक्स हा गाड्यांचा टेस्ट ट्रॅक आहे, त्यामुळे तिकडच्या रस्त्यावर कधी नक्षीदार कापडात गुंडाळलेली नवीन गाडी दिसली की पोरं लगेच फोटो काढतात. अशा गाडीच्या मागच्या बाजूला कापडाखाली खोटे फुगवटे लावलेले असू शकतात, तेव्हा छपराच्या रेघेवर विश्वास ठेवायचा नाही. दारं मात्र उघडावी लागतात आणि चाकं जागेवरच असतात, म्हणून तिथे दार आणि व्हीलबेस यांच्यावरच काय तो अंदाज बांधायचा.

आणि एक गोष्ट बाजूच्या फोटोतून बरेचदा कळतच नाही, मागची काच उघडते का नाही. स्कोडाची ऑक्टाव्हिया बाजूनं अगदी सेडान, डिकीची पायरी सुद्धा आहे, पण डिकी उचलली की काच पण वर येते, कारण बिजागरी छपराला आहे, हिला लिफ्टबॅक म्हणतात. उलट २०२३ची व्हर्ना, छप्पर मागे इतकं लांब उतरतं की काच उघडत असेल असं वाटतं, पण काच जागेवरच राहते आणि फक्त झाकण उघडतं. छपराच्या मागच्या टोकाला, काचेच्या वर, आडवी फट दिसते का ते फोटो मोठा करून बघता येतं, पण बरोबर बाजूनं काढलेल्या फोटोत ती बहुतेक दिसत नाही. अशा वेळी मालकाला डिकी उघडून एक फोटो पाठवायला सांगायचा.